अपेक्स लोकेटर आणि वर्किंग लेंथ: मशीन शून्य दाखवत असताना एक्स-रे कशासाठी?

प्रश्न: मॅडम, माझा गडहिंग्लजला छोटा दवाखाना आहे. नुकताच अपेक्स लोकेटर घेतला. विकणारा म्हणाला की आता वर्किंग लेंथसाठी एक्स-रे काढायची गरज नाही. पेशंटही म्हणतात, “मशीन सांगतंय की, मग फोटो कशाला?” पण दोन-तीन केसेसमध्ये मशीन आणि एक्स-रे यांचा मेळ बसला नाही. अशा वेळी कोणावर विश्वास ठेवायचा? आणि एक्स-रे खरोखरच सोडून देता येतो का?

उत्तर:

उपचारापूर्वीचा एक्स-रे आणि मास्टर कोनचा एक्स-रे कधीही सोडू नये. मधला, म्हणजे कॅनॉलमध्ये फाइल ठेवून काढायचा एक्स-रे, क्वचित सोडता येतो. पण त्यासाठी लोकेटरचे रीडिंग स्थिर हवे, ते पुन्हा घेतल्यावर तेवढेच यायला हवे आणि पहिल्या एक्स-रेवरून काढलेल्या अंदाजाशी जुळायला हवे. या तीनपैकी एकही अट मोडली तर फिल्म काढावीच लागते. कोल्हापुरात माझ्याकडे पाठवल्या जाणाऱ्या केसेसमध्ये लांबीचा घोटाळा झालेली दाढ पाहिली की बहुधा यंत्र बिघडलेले नसते. यंत्राने बरोबर दिलेले उत्तर भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचलेले असते.

लोकेटरला आपण नेमका कोणता प्रश्न विचारतो, हे आधी पाहू. एक इलेक्ट्रोड ओठाच्या कोपऱ्यात हुकाच्या रूपाने अडकवलेला असतो आणि दुसरा फाइलला चिमट्याने लावलेला असतो. जपानमध्ये सुझुकी यांनी 1942 मध्ये दाखवून दिले की कॅनॉलमधील उपकरण आणि तोंडाची श्लेष्मल त्वचा यांच्यातील विद्युत रोध पेरिओडोंटल लिगामेंटपाशी जवळपास ठरावीक राहतो, आणि 1962 मध्ये सुनादा यांनी त्याच तत्त्वावर माणसाच्या दातांत लांबी मोजली. त्या काळच्या यंत्रांसाठी कॅनॉल कोरडा लागत असे. रक्त किंवा हायपोक्लोराइट असले की रीडिंग बिघडे. आजची यंत्रे एकाऐवजी दोन किंवा अधिक वारंवारता वापरतात. रूट झेडएक्स या यंत्रात 400 हर्ट्झ आणि 8 किलोहर्ट्झ अशा दोन प्रवाहांना होणारा अवरोध एकाच वेळी मोजून त्यांचे गुणोत्तर काढले जाते. फाइल टोकापासून दूर असताना हे गुणोत्तर 1 च्या जवळ असते आणि कॅनॉलच्या शेवटच्या अरुंद जागेपाशी ते सुमारे 0.67 पर्यंत उतरते. कॅनॉलमधील द्रव दोन्ही मोजमापांवर साधारण सारखाच परिणाम करत असल्यामुळे भागाकारात त्याचा प्रभाव बराचसा गळून पडतो, म्हणूनच ओल्या कॅनॉलमध्येही ही यंत्रे चालतात.

या सगळ्यातून निघणारी मुख्य गोष्ट अशी की लोकेटरला फक्त संपर्क कळतो. फाइलचे टोक दाताबाहेरच्या ओल्या, वाहक ऊतींना टेकले की तो शून्य किंवा ‘APEX’ दाखवतो. फाइल तिथे कोणत्या वाटेने पोहोचली, हे त्याला कळायला मार्ग नाही. मुळाच्या टोकाच्या छिद्रातून ती बाहेर आली असेल, बाजूच्या पर्फोरेशनमधून आली असेल, मुळाला गेलेल्या चिरेतून आली असेल, किंवा मुळीच बाहेर न पडता एखाद्या धातूच्या भरणाला टेकून हिरडीशी जोडली गेली असेल, तरी त्या बिचाऱ्याचे उत्तर एकच असते. वाट कोणती, हे पाहायला एक्स-रे लागतो.

मीटरवरच्या आकड्यांबद्दलही एक गैरसमज सर्रास आढळतो. पडद्यावर 2, 1, 0.5 असे लिहिलेले असले तरी ते मिलिमीटर नाहीत. ‘1’ दिसला म्हणजे टोकाला एक मिलिमीटर उरला, असे धरून चालू नये. त्या खुणा फक्त जवळ-दूर सांगतात. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे शून्याची, कारण तिथे प्रत्यक्ष संपर्क घडतो. म्हणून माझी पद्धत अशी आहे की नंबर 10 किंवा 15 ची फाइल सावकाश फिरवत शून्याची खूण येईपर्यंत न्यायची, तिथे पाच-सहा सेकंद रीडिंग स्थिर राहते का ते पाहायचे, स्टॉपर दाताच्या ठरलेल्या बिंदूला टेकवायचा, फाइल काढून पट्टीवर मोजायची आणि त्या मापातून अर्धा मिलिमीटर वजा करायचा. पडद्यावरच्या 0.5 वर थांबून तीच वर्किंग लेंथ मानणारेही अनेक जण आहेत आणि चांगल्या यंत्रात फरक फारसा पडत नाही. पण शून्य गाठून मागे येण्यात एक फायदा असा की वाट टोकापर्यंत मोकळी असल्याची खात्रीही त्याच वेळी होते.

अर्धा मिलिमीटरच का, याचे कारण टोकाच्या रचनेत आहे. कॅनॉल टोकाजवळ अरुंद होतो आणि त्यानंतर पुन्हा थोडा रुंद होऊन बाहेर उघडतो. साफसफाई आणि भरणे अरुंद जागेपाशी थांबवायचे असते. त्यापुढे हाडाचा आणि लिगामेंटचा प्रदेश सुरू होतो. कुटलर यांनी 1955 मध्ये मुळांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. अरुंद जागा आणि बाहेरचे छिद्र यांतले सरासरी अंतर तरुणांमध्ये सुमारे 0.5 मिलिमीटर, तर वयस्कांमध्ये सुमारे 0.65 मिलिमीटर भरले, कारण वयाबरोबर टोकावर सिमेंटमचे थर चढत जातात. आपल्या भागात वर्षानुवर्षे मिश्री लावून दाढा सपाट झालेल्या आजी दवाखान्यात येतात, त्यांच्याबाबतीत मी हे वाढलेले अंतर लक्षात ठेवते.

याच रचनेमुळे एक्स-रेची मर्यादाही कळते, आणि तीही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. बाहेरचे छिद्र बहुतेक वेळा मुळाच्या अगदी शेंड्यावर नसते. ते बाजूला सरकलेले असते; कधी अर्धा मिलिमीटर, कधी दोन-तीन मिलिमीटरही. ते गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला उघडत असेल तर सपाट चित्रात दिसतच नाही. त्यामुळे फिल्मवर फाइलचे टोक मुळाच्या शेंड्याशी बरोबर जुळलेले दिसले आणि आपण समाधानाने मान डोलावली, तरी प्रत्यक्षात ती फाइल छिद्रातून बाहेर गेलेली असण्याची शक्यता बरीच असते. लोकेटर येण्यापूर्वी केवळ एक्स-रेवर विसंबून केलेल्या कामात फाइल आणि गटापर्चा नकळत बाहेर जाण्याचे हे एक मोठे कारण होते. म्हणून लांबीचा आकडा मी लोकेटरकडून घेते आणि तो आकडा कोणत्या वाटेचा आहे हे फिल्मकडून तपासते.

आता खुर्चीजवळच्या कामाकडे येऊ. पहिला एक्स-रे समांतर पद्धतीने, होल्डर वापरून काढावा. बोटाने फिल्म धरून, कोन अंदाजाने ठेवून काढलेल्या चित्रात मूळ लांब किंवा आखूड दिसते आणि त्यावरून काढलेला अंदाज निरुपयोगी ठरतो. त्या चित्रावर दाढेच्या ठरलेल्या उंचवट्यापासून मुळाच्या शेंड्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि एक मिलिमीटर वजा करावा. हा अंदाज म्हणजे लोकेटरच्या रीडिंगची पहिली कसोटी. आरव्हीजी असेल तर सॉफ्टवेअरमधील मोजपट्टी आधी तपासून घ्यावी. ज्या फाइलचे स्टॉपरपर्यंतचे माप तुम्ही पट्टीवर 20 मिलिमीटर घेतले आहे, ती पडद्यावर 21.5 भरत असेल तर बाकीची सगळी मापे त्याच प्रमाणात फुगलेली आहेत.

रीडिंग घेण्याआधी सर्किट तपासायला दोन सेकंद लागतात: फाइलचा चिमटा ओठाच्या हुकाला टेकवला की मीटर शेवटपर्यंत जायला हवा. तो गेला नाही तर वायर तुटलेली आहे, चिमटा गंजलेला आहे किंवा बॅटरी उतरलेली आहे. हायपोक्लोराइटने चिमट्याच्या आतली पत्री काळी पडून संपर्क जाणे ही तर रोजची गोष्ट आहे. त्यानंतर कॅनॉलमध्ये ओलावा ठेवावा आणि चेंबर मात्र कोरडा करावा. चेंबर हायपोक्लोराइटने भरलेला असेल तर प्रवाह त्यातून शेजारच्या कॅनॉलमध्ये, धातूच्या क्राऊनमध्ये किंवा गळक्या कडेतून हिरडीपर्यंत जातो आणि फाइल आत शिरते न शिरते तोच मीटर ‘APEX’ म्हणून ओरडू लागतो. उलट कॅनॉल अगदी कोरडा असेल, जुना गटापर्चा आत उरला असेल किंवा मधे कचरा साठून वाट बुजली असेल तर मीटर हलतच नाही आणि शेवटी एकदम उडी मारतो. चांगले रीडिंग फाइलच्या हालचालीबरोबर सावकाश सरकते; झटक्याने पळणाऱ्या किंवा थरथरणाऱ्या आकड्यावर लांबी ठरवू नये. रुंद कॅनॉलमध्ये नंबर 10 ची बारीक फाइल सैल लोंबकळत असेल तर भिंतींना टेकेल अशी मोठी फाइल घेतल्यावर रीडिंग स्थिरावते. लहान मुलांच्या अर्धवट वाढलेल्या, उघड्या टोकाच्या मुळांत मात्र यंत्र बहुधा लांबी कमी दाखवते आणि तिथे फिल्मलाच अधिक मान द्यावा लागतो.

मशीन आणि एक्स-रे यांचा मेळ बसत नाही असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून एक केस तपशिलाने मांडते.

साधारण चाळिशीच्या एक बाई खालच्या डाव्या पहिल्या दाढेसाठी, म्हणजे 36 नंबरसाठी, आल्या. दाढ दुसरीकडे उघडून काही आठवडे झाले होते. तात्पुरते भरण होते आणि चावताना दुखत होते. पहिल्या फिल्मवर पुढच्या मुळाची लांबी 21 मिलिमीटर आणि मागच्या मुळाची 20.5 दिसत होती. म्हणजे अंदाजे वर्किंग लेंथ अनुक्रमे 20 आणि 19.5. मागच्या मुळाचा शेवटचा तृतीयांश भाग मागे वळलेला होता. दाढेच्या मागच्या कडेला चांदीचे जुने भरण अर्धे शिल्लक होते आणि त्याखाली कीड हिरडीच्या पातळीपर्यंत गेलेली होती.

मी आधी ते भरण आणि कीड पूर्ण काढली, मागची भिंत काँपोझिटने उभी केली आणि मग रबर डॅम लावला. ही भिंत उभी करण्याचे काम बरेच जण शेवटी ठेवतात. ते आधी केले तर लाळ आत येत नाही आणि लोकेटरचा प्रवाहही हिरडीकडे गळत नाही. जो उंचवटा कमकुवत होता तो थोडा घासून सपाट केला, कारण स्टॉपर ज्या बिंदूला टेकवायचा तो बिंदू दोन भेटींच्या मधे तुटला तर सगळे माप वाया जाते.

पुढच्या मुळाच्या गालाकडील कॅनॉलमध्ये नंबर 10 च्या फाइलने 20.5 वर शून्य दाखवले. अर्धा वजा करून 20. जिभेकडील कॅनॉलमध्ये 20 वर शून्य, म्हणजे 19.5. दोन्ही रीडिंग सावकाश सरकत आली, पुन्हा घेतल्यावर तेवढीच आली आणि अंदाजाशी जुळली. मागच्या कॅनॉलमध्ये नंबर 15 ची फाइल सहज आत गेली आणि 17 वर शून्य दाखवून मोकळी झाली.

अंदाजानुसार शून्य सुमारे 20 च्या आसपास यायला हवे होते. तीन मिलिमीटरचा फरक हा छिद्र बाजूला सरकल्याने पडू शकतो, पण इतका फरक तपासल्याशिवाय स्वीकारायचा नसतो. पहिला संशय सर्किटवर घ्यायचा, कारण ते तपासायला सर्वांत सोपे. चेंबर कापसाच्या बोळ्यांनी कोरडा केला, कुठे चांदीचा तुकडा राहिला आहे का ते पाहिले, चिमटा हुकाला टेकवून पाहिला, फाइल बदलली. रीडिंग पुन्हा 17 वरच, तेही स्थिर. सर्किटचा दोष बहुधा रीडिंगला अस्थिर करतो. इथे आकडा ठाम होता, म्हणजे फाइलचे टोक 17 मिलिमीटरवर खरोखरच बाहेरच्या ऊतींना टेकत होते. शिवाय फाइल बाहेर काढल्यावर पेपर पॉइंट टेकवला तर त्याच्या टोकाला नव्हे, तर एका बाजूला ताजे रक्त लागले. टोकाशी लागलेले रक्त म्हणजे पॉइंट छिद्रापलीकडे गेल्याची शंका, आणि बाजूला लागलेले रक्त म्हणजे भिंतीत भोक असल्याची शंका, असा साधारण अर्थ मी लावते.

आता फिल्म काढायची ती फाइल 17 वरच ठेवून. “मशीन चूक दाखवतंय” असे म्हणून फाइल जोर लावून 19.5 पर्यंत ढकलणे आणि मग फिल्म काढणे, हा मोह अशा वेळी होतो. तसे केले असते तर फाइल त्याच भोकातून आणखी अडीच मिलिमीटर हाडात गेली असती. एक्स-रेची नळी पुढच्या बाजूने सुमारे 20 अंश वळवून फिल्म घेतली. फाइल मुळाच्या मध्यरेषेवर नव्हती. वळणापाशी ती सरळ पुढे गेली होती आणि तिचे टोक मुळाच्या पुढच्या भिंतीच्या कडेला टेकलेले दिसत होते. मूळ मागे वळते आणि ताठ फाइल वळत नाही, ती वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर घासत राहते. आधी कोणीतरी मोठी, न वाकवलेली फाइल तिथे दाबली असावी, त्यातून आधी भिंतीत पायरी तयार झाली आणि शेवटी भोक पडले.

लोकेटर खोटे बोलला नव्हता. 17 वर संपर्क होता, फक्त तो संपर्क कॅनॉलच्या टोकाचा नव्हता. लोकेटरच्या भरवशावर 16.5 ही वर्किंग लेंथ धरून काम केले असते तर खालचे तीन मिलिमीटर जंतुयुक्त ऊतींसह तसेच राहिले असते, आणि भोकही न कळताच राहिले असते.

पुढचे काम असे झाले. नंबर 10 च्या नव्या फाइलचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर चिमट्याने चांगले वाकवले. स्टॉपरचे टोकदार अंग वाकाच्या दिशेला लावले, म्हणजे फाइल आत गेल्यावर वाक कोणीकडे आहे ते बाहेरून कळते. वाक मागच्या बाजूला ठेवून, भिंतीला चाचपत, अगदी छोट्या पुढे-मागे हालचालींनी मूळ वाट शोधली. जिथे फाइल किंचित अडकल्यासारखी वाटते, ती खरी वाट. जिथे अडथळ्याविना सुळकन जाते, ते भोक. काही प्रयत्नांनंतर फाइल धरली गेली, मीटर सावकाश सरकत 20 वर शून्यावर आला, म्हणजे वर्किंग लेंथ 19.5. फाइल तिथेच ठेवून पुन्हा फिल्म काढली. या वेळी ती मुळाच्या वळणाबरोबर मागे वळून शेंड्याच्या अलीकडे थांबलेली दिसली. भोक असल्यामुळे हायपोक्लोराइट सौम्य घेतले, बाजूला छिद्र असलेली सुई भोकाच्या पातळीच्या बरीच वर ठेवली आणि दाब दिला नाही. हे द्रव हाडात गेले तर काही क्षणांत असह्य वेदना आणि सूज येते. भोक लहान होते, त्यामुळे भरताना गटापर्चा आणि बायोसिरॅमिक सीलरने ते बंद झाले. ते मोठे असते तर एमटीए वेगळे ठेवावे लागले असते.

या केसमध्ये नशिबाने भोक पुढच्या-मागच्या दिशेत होते, त्यामुळे फिल्मवर दिसले. तेच गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला असते तर सरळ फिल्मवर फाइल मुळाच्या मधोमध, फक्त आखूड दिसली असती. म्हणून अशा संशयात एकच सरळ फिल्म पुरत नाही. नळी 20 अंश वळवून दुसरी काढावी लागते. नळी ज्या बाजूला सरकवली त्याच बाजूला सरकलेली दिसते ती जिभेकडची वस्तू, उलट सरकते ती गालाकडची. पुढच्या मुळातील दोन कॅनॉल एकमेकांवर चढलेले असतात, ते वेगळे करायलाही हाच नियम लागतो. कोणत्या फाइलचे माप कोणत्या कॅनॉलचे, हे सरळ फिल्मवर कळत नसताना अंदाजाने लिहिले गेल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता याच्या उलट परिस्थिती. वरच्या पहिल्या दाढेचे टाळूकडचे मूळ बऱ्याचदा शेवटी गालाकडे वळते. हे वळण एक्स-रेच्या किरणाच्या दिशेत असल्यामुळे चित्रात दिसत नाही. मूळ सरळ वाटते. अशा मुळात लोकेटर 21 वर स्थिर शून्य दाखवतो आणि फिल्मवर मात्र फाइल शेंड्यापासून दीड-दोन मिलिमीटर आखूड दिसते. इथे फिल्म पाहून फाइल पुढे ढकलली तर ती छिद्रातून बाहेर जाते. चेंबर कोरडा आहे, रीडिंग सावकाश आले, पुन्हा तेवढेच आले, फाइल मुळाच्या मध्यरेषेवर आहे आणि पेपर पॉइंट कोरडा येतो, एवढ्या गोष्टी जमल्या तर मी लोकेटरचे ऐकते. शिवाय वरच्या दाढांच्या शेंड्यांवर गालाच्या हाडाची सावली पडते, तेव्हा फिल्मवर शेंडा शोधणे म्हणजे धुक्यात पन्हाळा शोधण्यासारखे होते, आणि अशा वेळी तर यंत्राचा आधार मोठा असतो.

तेव्हा “कोणावर विश्वास ठेवायचा” याचे उत्तर फरकाच्या आकारावर आणि फाइलच्या जागेवर अवलंबून आहे. फरक एक मिलिमीटरपर्यंत असेल आणि फाइल मुळाच्या मधोमध असेल तर लोकेटरचा आकडा घ्यावा. फरक दोन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर दोघांपैकी कोणालाच लगेच खरे मानू नये. सर्किट तपासावे, रीडिंग पुन्हा घ्यावे, नळी वळवून फिल्म काढावी आणि मगच ठरवावे. या मर्यादा माझ्या कामातल्या आहेत, त्यात थोडे इकडे-तिकडे करणारे सहकारीही आहेत. पण फाइल मध्यरेषा सोडून गेलेली दिसली तर फरक अर्धा मिलिमीटर असला तरी थांबायचे, याबद्दल दुमत असू नये.

एकदा मिळालेली लांबी शेवटपर्यंत तीच राहते असेही नाही. वळलेल्या कॅनॉलचा वरचा भाग रुंद केला की वाट सरळ होते आणि टोकापर्यंतचे अंतर थोडे घटते. वळण जास्त असेल तर अर्धा ते एक मिलिमीटरपर्यंत. वरच्या केसमध्येही पुढच्या मुळाच्या गालाकडील कॅनॉलचे माप आकार देऊन झाल्यावर 20 ऐवजी 19.5 आले. म्हणून वरचा भाग मोकळा केल्यावर आणि शेवटची फाइल वापरण्याआधी लोकेटरने पुन्हा एकदा मोजावे. त्याला फिल्म लागत नाही, आणि यंत्राचा खरा मोठा उपयोग इथेच आहे: हवे तितक्या वेळा, किरणांशिवाय मोजता येते. काही इंजिनमध्ये लोकेटर आतच बसवलेला असतो, पण चालत्या फाइलवरच्या रीडिंगला मी इशारा मानते, माप मानत नाही.

मास्टर कोनची फिल्म मात्र कोणतेही यंत्र वाचवू शकत नाही. गटापर्चा वीज वाहून नेत नाही; तो कुठे थांबला हे लोकेटरला विचारताच येत नाही. कोन लांबीला घट्ट बसला आहे, पुढे सरकत नाही, वळणात दुमडलेला नाही आणि सगळ्या कॅनॉलमध्ये कोन आहेत, हे भरण्याआधी दिसले पाहिजे, कारण भरल्यानंतर दिसले तर सगळे उकरावे लागते. त्याचबरोबर राहून गेलेल्या कॅनॉलचा सुगावाही फिल्ममधूनच लागतो: वळवलेल्या फिल्मवर फाइल किंवा कोन मुळाच्या मधोमध नसून एका बाजूला दिसला, तर दुसऱ्या बाजूला आणखी एक वाट असण्याची शक्यता धरावी. लोकेटरला तुम्ही ज्या कॅनॉलमध्ये फाइल घातलीच नाही त्याबद्दल काहीच सांगता येत नाही.

“मशीन सांगतंय की, मग फोटो कशाला?” असे विचारणाऱ्या पेशंटला पहिला फोटो समोर दाखवावा, मुळाचे वळण बोटाने दाखवावे आणि सांगावे की मशीन अंतर सांगते, वळण सांगत नाही. किरणांची भीती असेल तर हेही सांगता येईल की दाताच्या एका डिजिटल फिल्मचा डोस साधारण 5 मायक्रोसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असतो, आणि नैसर्गिक किरणोत्सर्गातून माणसाला रोज मिळणारा डोसही साधारण तेवढाच असतो. गरोदर बाईंच्या बाबतीत लेड एप्रन आणि थायरॉइड कॉलर लावून, टाळता न येणारी फिल्म काढावी आणि मधली मापे लोकेटरवर भागवावीत. पेसमेकर असलेल्या पेशंटमध्ये लोकेटर वापरण्याआधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. आजचे पेसमेकर बहुतेक वेळा बाधित होत नाहीत, पण जुन्या पद्धतीचा असेल तर तिथे फिल्मवरच काम करावे लागते.

केसपेपरवर प्रत्येक कॅनॉलपुढे चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या उंचवट्यापासून मोजले, शून्य कितीवर आले, वर्किंग लेंथ किती ठरवली आणि शेवटची फाइल कोणत्या नंबरची होती. नुसते “20 मिमी” असे लिहिले तर पुढच्या भेटीत ते 20 शून्याचे होते की अर्धा वजा केल्यानंतरचे, हे तुमचे तुम्हालाच आठवणार नाही. तुमच्या त्या दोन-तीन केसेसच्या फिल्म जपून ठेवल्या असतील तर त्यांत फाइल मुळाच्या मध्यरेषेवर आहे का, हे आधी पाहा. ती मध्यरेषेवर नसलेल्या पेशंटना लवकर परत बोलवा आणि तोपर्यंत त्या कॅनॉलमध्ये आणखी फाइल घालू नका.